'अनलिमिटेड' पॅक, ३.६ जीबीचे फोटो आणि रात्रीचे बारा



लग्नसराईत माझ्या दुकानातून एक अल्बमची ऑर्डर जाता जाता राहिली. चूक माझीच होती.

गिऱ्हाईक जुनं. लग्नाचे ३.६ जीबी फोटो गुगल ड्राईव्हवर टाकून लिंक पाठवली आणि म्हणाले, "दादा, परवा रात्रीपर्यंत डिझाईन दाखवा." माझा पॅक रोज २ जीबीचा. रात्री नऊला फोनचा हॉटस्पॉट लॅपटॉपला जोडला, सगळं फोल्डर निवडून डाउनलोड दाबलं आणि जेवायला गेलो. साडेदहाला बघतो तर `Failed`. सकाळी आठला पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, दहा वाजेपर्यंत त्या दिवसाचा कोटाही संपला. हिशोब करा: रात्रीचे १.२ जीबी आणि सकाळचे २ जीबी, म्हणजे ३.२ जीबी गेले आणि हातात फोटो एकही नाही. वर दिवसभर व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या ऑर्डरी उघडेनात, ते वेगळंच.

आपल्याकडे बहुतेक प्रीपेड पॅकमध्ये दिवसाचा कोटा संपला की नेट बंद होत नाही, स्पीड कापतात. बऱ्याच कंपन्यांचा हा कापलेला स्पीड ६४ केबीपीएस असतो. आकडा ऐकायला बरा वाटतो, पण हे बिट्स आहेत. आठने भागा, म्हणजे सेकंदाला फक्त ८ केबी. तासाला साधारण २९ एमबी. १ जीबी उतरायला जवळजवळ ३५ तास. साधा मेसेज जातो, पण व्हॉट्सअ‍ॅपचा दोनशे केबीचा फोटो पंचवीस सेकंद फिरत बसतो. कागदावर नेट चालूच असतं, म्हणून जाहिरातीत 'अनलिमिटेड' लिहिता येतं. माझी कंपनीवर खरी तक्रार एवढीच आहे की तो शब्द मोठ्या अक्षरात असतो आणि ६४ चा आकडा अटींमध्ये खाली कुठेतरी. स्पीड कापण्याबद्दल मी भांडणार नाही, कारण कोटा आधीच सांगितलेला असतो. न मोजणारे आपणच.

नेटवर्क खराब आहे की कोटा संपलाय, हे ओळखायला सोपं आहे. सिग्नलच्या दांड्या पूर्ण, वर 4G लिहिलेलं, टेक्स्ट जातोय पण फोटो फिरतोय, असं असेल तर कंपनीच्या अ‍ॅपमध्ये शिल्लक डेटा बघा. उगाच स्पीड टेस्ट लावू नका. कोटा शिल्लक असताना लावलेली एक टेस्टसुद्धा पन्नास-शंभर एमबी सहज खाते.

आता मोठी फाईल मध्येच तुटली की नुकसान एवढं का होतं? ड्राईव्हवरचं फोल्डर डाउनलोड करताना गुगल त्याची झिप तिथल्या तिथे बनवतो आणि फोल्डर मोठं असेल तर साधारण २ जीबीपर्यंतचे तुकडे पाडतो. माझे दोन तुकडे एकदम उतरत होते, म्हणून १.२ जीबी दोघांत वाटला गेला आणि एकही पुरा झाला नाही. अशी झिप तुटली की बहुतेक वेळा जिथे थांबली तिथून पुढे चालू होत नाही, शून्यापासून सुरू करावी लागते. म्हणून माझं ठाम मत आहे की आजच्या शिल्लक कोट्यात जी फाईल पूर्ण बसत नाही, ती सुरूच करायची नाही. अर्धी फाईल म्हणजे शून्य फाईल.

बरेच जण सांगतात, रात्री बाराला कोटा नवीन मिळतो, तेव्हा लावा. बरोबर आहे, पण अर्धंच. बारानंतर तुम्ही जे उतरवता ते उद्याच्या दुकानातून जातं. माझ्या दुकानाला दिवसाला सरासरी ०.८ जीबी लागतो. मी बारा वाजून दहा मिनिटांनी १.५ जीबी ओढला तर उद्यासाठी राहतो अर्धा जीबी, आणि संध्याकाळी ऐन गर्दीत नेट बसतं. उलट रात्री दहाला जो डेटा उरलेला असतो तो बाराला वाया जाणारच असतो. तो डेअरीच्या दुधासारखा आहे, उद्या विकता येत नाही. मोठ्या डाउनलोडची खरी वेळ म्हणजे दुकान बंद केल्यापासून पावणेबारापर्यंत.

त्या अल्बमचा हिशोब मी आज असा करेन. चार फोल्डर होती: साखरपुडा ०.६, हळद ०.८, लग्न १.५ आणि रिसेप्शन ०.७ जीबी. रोज रात्री माझ्याकडे उरतात १.२ जीबी. ३.६ ला १.२ ने भागलं तर बरोबर तीन रात्री, पण त्यात एका एमबीचीही ढील नाही आणि १.५ चं लग्न एका रात्रीत बसतच नाही. गिऱ्हाईकाला हवंय परवा, म्हणजे माझ्या हातात दोनच रात्री, २.४ जीबी. कमी पडतात १.२. म्हणजे १ जीबीचे दोन टॉप-अप. एकेक पंचवीस-तीस रुपयांच्या घरात धरला तर पन्नास-साठ रुपये. ते मी अल्बमच्या किमतीत आधीच धरायला हवे होते, जसा कागद आणि लॅमिनेशन धरतो. टॉप-अप घेताना मुदत मात्र वाचा. काही पॅकच्या शेवटपर्यंत चालतात, काही एका दिवसाचेच असतात.

दुसरं एक भोक लॅपटॉपमध्ये असतं. लॅपटॉपला हॉटस्पॉट म्हणजे घरचं वाय-फायच वाटतं, म्हणून विंडोज अपडेट गुपचूप उतरायला लागतं. विंडोज ११ मध्ये `Settings`, मग `Network & internet`, मग `Wi-Fi` आणि जोडलेल्या हॉटस्पॉटच्या प्रॉपर्टीजमध्ये `Metered connection` चालू करा. बहुतेक अपडेट थांबतात. हॉटस्पॉट घरातल्या दुसऱ्या फोनला देत असाल, तर त्यातलं 'फक्त वाय-फायवर बॅकअप' हेही तपासा. तुमच्या कोट्यातून कुणाचा तरी ट्रिपचा व्हिडिओ वर चढत असतो.

"सर, सरळ फायबर घ्या ना," असं प्रत्येक बॅचमध्ये कुणीतरी म्हणतं. फायबरला बऱ्याच ठिकाणी मर्यादा महिन्याला ३३०० जीबीची असते, छोट्या दुकानाला ती संपवणं अवघड. पण दर महिन्याचं बिल सुरू होतं, ऑर्डर असो वा नसो. महिनाभर टॉप-अपचा खर्च वहीत लिहा. तो फायबरच्या बिलाच्या जवळ यायला लागला की घ्या, तोपर्यंत नको. 'अनलिमिटेड 5G' वर विसंबणाऱ्यांनीही बघावं की दुकानाच्या आत फोन 4G वर तर येत नाही ना, कारण मग कोटा कापला जातो.

मी आता ऑर्डर घेतानाच सांगतो: कार्यक्रमाप्रमाणे वेगळी फोल्डर करा, एकेक १ जीबीच्या आत, लग्नाची दोन केलीत तरी चालेल. आणि साईज मला आधी कळवा, कारण ड्राईव्हच्या यादीत फोल्डरची साईज दिसत नाही. लॅपटॉपवर फोल्डरवर राईट क्लिक करून `Properties` मध्ये दिसते. गिऱ्हाईक गावातलंच असेल तर एवढंही नाही. पेन ड्राईव्ह घेऊन या म्हणतो, चहा माझ्याकडून.