इंजेक्शननंतरचे पातळ औषध

नातीच्या मूत्रमार्गाला जंतुसंसर्ग झाला, तीन दिवस इंजेक्शने दिली आणि आता ‘उरलेले औषध घरी तोंडाने द्या’ असे सांगून डॉक्टरांनी घरी पाठवले, की आपल्या मनात शंका येते: इंजेक्शनाचे काम चमचाभर औषधाने होईल का?

होते; मात्र त्यासाठी काही गोष्टी जुळून याव्या लागतात. ताप उतरून साधारण २४ तास झालेले असावेत, मूल खातपीत असावे, उलट्या थांबलेल्या असाव्यात आणि लघवीच्या कल्चर तपासणीत सापडलेला जंतू त्या औषधाला दाद देणारा असावा. तीन महिन्यांखालील बाळाला मात्र बहुधा इंजेक्शनेच अधिक काळ द्यावी लागतात.

आपली नात तीन वर्षांची, १२ किलो वजनाची आहे असे धरू. सेफिक्झिमची नेहमीची मात्रा दर किलोला दिवसाकाठी ८ मिलिग्रॅम. म्हणजे दिवसाला ९६ मिलिग्रॅम. दोन वेळांत विभागले तर प्रत्येक वेळी सुमारे ५० मिलिग्रॅम.

खरी चूक येथून पुढे होते. हे औषध ५ मिलिलिटरमध्ये ५० मिलिग्रॅम आणि ५ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम अशा दोन्ही शक्तींत मिळते. पहिल्या बाटलीतून ५ मिलिलिटर द्यायचे, तर दुसरीतून केवळ अडीच. ३० मिलिलिटरची पहिल्या प्रकारची बाटली तीन दिवसांत संपते आणि नवी आणताना शक्ती बदलली, तर नकळत दुप्पट किंवा निम्मे औषध जाते. म्हणून प्रत्येक बाटलीवरचा आकडा चिठ्ठीशी ताडून पाहावा. भुकटीत उकळून गार केलेले पाणी खुणेपर्यंतच घालावे, दर वेळी बाटली हलवावी आणि मात्रा घरातल्या चमच्याने न मोजता मापाच्या पिचकारीने मोजावी.

सेफॅलेक्सिन लिहून दिले असेल, तर हा हिशेब लागू पडत नाही. त्याची मात्रा दर किलोला कितीतरी अधिक असते आणि ते दिवसातून तीन-चार वेळा द्यावे लागते.

औषधाचा काळ पहिल्या इंजेक्शनापासून मोजतात. तापासह आलेल्या संसर्गात तो एकूण ७ ते १० दिवसांचा असतो. दहा दिवस ठरले असतील, तर तीन दिवस इंजेक्शने आणि सात दिवस पातळ औषध. दुसऱ्याच दिवशी नात खेळू लागली, तरी मूत्रपिंडातले जंतू संपलेले नसतात. औषध मध्येच सोडल्यास ते पुन्हा वाढू शकतात.

ताप पुन्हा आला, औषध वारंवार उलटून पडू लागले, लघवी कमी झाली किंवा मूल मलूल दिसू लागले, तर बाटली संपण्याची वाट न पाहता त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. अंगावर पुरळ उठून चेहरा सुजला किंवा श्वास लागला, तर पुढची मात्रा न देता तत्काळ रुग्णालय गाठावे. येथील हिशेब चिठ्ठी समजून घेण्यासाठी आहे. मात्रा ठरवण्याचे काम डॉक्टरांचेच.