सोंगाचे गुण कोणाचे?

गेल्या जानेवारींत म्हसळ्यास थोरल्या दिरांच्या घरीं चार दिवस राहण्याचा योग आला. गांवांतील एका शाळेचें स्नेहसंमेलन त्याच सुमारास होतें, आणि बाहेरगांवची पाहुणी म्हणून वेशभूषास्पर्धेच्या परीक्षणाचें काम माझ्या गळ्यांत पडलें. विषय मोठा चांगला होता, ‘आपल्या रायगड जिल्ह्यांतील माणसें’. पहिलें बक्षीस कान्होजी आंग्र्यांच्या वेषांतील एका मुलास मिळालें. टाळ्या झाल्या आणि आम्ही घरीं परतलों.

रात्रीं पानें घेतां घेतां थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, “अग, कान्होजी तर आरमाराचा सरखेल. त्याच्या डोक्यावर तो सोनेरी मुकुट कोणीं ग चढवला?” मला उत्तर सुचेना. जेवण झाल्यावर मीं माझें गुणपत्रक काढून पाहिलें, आणि अन्याय माझ्याच पेन्सिलीनें झाला आहे हें माझ्या ध्यानांत आलें.

शाळेनें दिलेल्या पत्रकांत चार रकाने होते : वेशभूषा 20, अभिनय 15, भाषण 10 आणि एकंदर परिणाम 5, असे एकूण 50 गुण. कान्होजी झालेल्या मुलास मीं अनुक्रमें 19, 7, 5 आणि 5, म्हणजे 36 गुण दिले होते. दुसरा एक मुलगा एस.टी.चा कंडक्टर होऊन आला होता. वडिलांचा खाकी सदरा बाह्या दुमडून घातलेला, गळ्यांत पुठ्ठ्याची तिकिटांची पेटी, आणि तोंडानें “श्रीवर्धन, श्रीवर्धन” असा पुकारा. त्यास 11, 12, 8 आणि 3, म्हणजे 34 गुण पडले होते. दोन गुणांनीं तो मागें राहिला.

आतां हे दोन गुण कोठून आले तें पाहा. कान्होजीचा पोशाख भाड्याचा होता. मखमली अंगरखा, मुकुट व तलवार असें तें गांठोडें आज कान्होजीच्या, उद्यां शिवाजीमहाराजांच्या आणि परवां अकबराच्या नांवानें बाहेर पडतें. त्याच्या झगमगाटाला मीं पहिल्या रकान्यांत गुण दिले, आणि ‘एकंदर परिणाम’ ह्या शेवटच्या रकान्यांत त्याच झगमगाटाला पुन्हां दिले. एका वस्तूचे पैसे दोनदां मोजावे तसें हें झालें. ‘एकंदर परिणाम’ हा रकाना दिसावयास निरुपद्रवी, पण परीक्षकाचे डोळे दिपले असतील तर तें दिपणें तो तेथें निमूटपणें लिहून ठेवतो.

दुसरें असें कीं, विषयाला पत्रकांत एकहि गुण नव्हता. विषय जाहीर झाला तो केवळ सूचनाफलकावर. विषयाचा नियम मोजतां येईल असा हवा. ह्या वेषांत अशी कोणती खूण आहे कीं जिच्यावरून हा अमुकच माणूस, दुसरा नव्हे, हें कळावें, एवढाच प्रश्न परीक्षकानें स्वतःस विचारावा. नातें गांवीं जन्मलेले चिंतामणराव देशमुख 1943 साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. ते व्हावयाचें तर आजोबांचा कोट आणि स्वतः रंगविलेली, सही केलेली कागदी नोट पुरते. तसेंच, कोणाची जात, गरिबी किंवा व्यंग हसण्याचा विषय होऊं नये आणि हत्यार खरें नसावें, हीं दोन वाक्यें नियमांत स्पष्ट लिहिलेलीं बरीं.

मुख्याध्यापकांच्या सांगण्यावरून मीं त्यांना जें नवें पत्रक करून दिलें, तेंहि 50 गुणांचेंच आहे. वेषांतील ओळखीची खूण 15, पोशाखाची नीटनेटकी मांडणी 10, बोलणें व हालचाल 15, आणि परीक्षकाच्या एका साध्या प्रश्नाचें उत्तर 10. हा शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. भाषण आई पाठ करून घेते, पोशाख दुकानदार देतो. उत्तर मात्र मुलाचें स्वतःचें असतें. त्या दिवशीं मीं सहज म्हणून दोघांनाहि एकेक प्रश्न विचारला होता. कान्होजीस विचारलें, “तुमचीं जहाजें कोठें आहेत?” तो आईकडे पाहूं लागला. कंडक्टरला विचारलें, “सुटे पैसे नसले तर काय करतां?” तो तत्काळ म्हणाला, “तिकिटाच्या मागें लिहून देतों. उतरतांना मागून घ्या!” सभागृह हसलें, आणि पत्रकांत मात्र ह्या उत्तरास जागा नव्हती. नव्या पत्रकाप्रमाणें कान्होजीस 5, 9, 7 व 2, म्हणजे 23 गुण पडतात; कंडक्टरला 13, 6, 12 व 9, म्हणजे 40.

दोन परीक्षक असले म्हणजे आणखी एक घोटाळा होतो. माझ्या शेजारचे सद्गृहस्थ कोणासहि 30 हून कमी वा 36 हून अधिक देत नव्हते. मी त्याहून पुष्कळ मोठ्या पल्ल्यांत फिरत होतें. दोघांच्या गुणांची बेरीज झाली तेव्हां त्यांच्या मताला कांहीं वजनच उरलें नाहीं. निकाल बहुतेक माझाच लागला. ह्यावर उपाय सोपा आहे. प्रत्येक परीक्षकानें आपल्या गुणांवरून त्या गटांतील मुलांचे पहिला, दुसरा, तिसरा असे क्रम लावावे, आणि बेरीज गुणांची न करतां क्रमांकांची करावी. जिची बेरीज सर्वांत लहान, तें मूल पहिलें.

राहिला वेळेचा हिशेब. मुलें 48 होतीं आणि प्रत्येकास तीन मिनिटें दिलीं होतीं; म्हणजे 144 मिनिटें, असें गणित मांडलें होतें. पण एक मूल उतरून दुसरें चढावयास मिनिटभर लागतें, हें कोणीं धरलेंच नव्हतें. प्रत्यक्षांत 192 मिनिटें लागलीं. शेवट गोड व्हावा म्हणून बालवाडीचीं मुलें अखेरीस ठेविलीं होतीं; दहाला सुरू झालेल्या कार्यक्रमांत त्यांची पाळी येईतों बारा वाजून गेले. कित्येकांच्या मिशा घामानें ओघळल्या, कांहीं आईच्या मांडीवर झोपलीं, आणि ध्वनिक्षेपकासमोर उभें केल्यावर एक चिमुरडा जो रडूं लागला तो थांबेना.

म्हणून मीं तीन गट करून दिले. बालवाडीचीं 16 मुलें सर्वांत आधीं, प्रत्येकास एक मिनिट. पहिली-दुसरीचीं 18, दीड मिनिट. तिसरी-चौथीचीं 14, दोन मिनिटें. चढण्याउतरण्याचें मिनिट धरून 32, 45 आणि 42, एकूण 119 मिनिटें. दोन तासांच्या आंत सर्व आटोपतें. बालवाडीस गुणपत्रकच नको, सर्वांना सारखाच खाऊ द्यावा. त्या वयांत बोलणें किंवा न बोलणें हें त्या दिवशींच्या झोपेवर अवलंबून असतें.

पत्रकानें सारेंच सुधारेल असें नाहीं. ज्या घरांत शिवणयंत्र आहे व आईला सवड आहे, त्या घरचें मूल थोडें पुढें राहणारच. तो निकाल आतां बदलतां येत नव्हता. दुसरे दिवशीं परतीसाठीं स्थानकावर गेलें तों तो कंडक्टर आपल्या आईबरोबर तेथें उभा. मीं त्याला हटकलें, “काय रे, काल माझे राहिलेले पैसे?” क्षणभर विचार करून तो म्हणाला, “तिकीट दाखवा!”

तिकीट माझ्यापाशीं नव्हतें. आणि राहिलेलें देणें तर माझेंच होतें.