वही मागताना

टायफॉईडचा ताप उतरला की डॉक्टर पथ्य सांगतात. मऊ भात खा, पाणी उकळून प्या, दगदग करू नका. बुडालेल्या तासांचे काय करायचे, हे मात्र कोणी सांगत नाही. ते ज्याचे त्याने ठरवायचे आणि आपण सारे ते एकाच रीतीने ठरवतो. वर्गात जिचे अक्षर सर्वांत सुवाच्य, तिला फोनवरून निरोप धाडतो.

गेल्या जुलैत मीही तेच केले. "अगं, मी आजारी होते. सगळ्या नोट्स पाठव ना, प्लीज." निरोप वाचल्याच्या दोन निळ्या खुणा उमटल्या. उत्तर काही आले नाही. दुसऱ्या दिवशीही आले नाही. "मेली शिष्टच आहे!" असे मी मनातल्या मनात म्हणून घेतले. पण अंथरुणावर पडून राहिलेल्या माणसाला वेळ भरपूर असतो, म्हणून मी सहज हिशेब मांडला. सोमवारी पडले ती पुढच्या आठवड्याच्या शनिवारपर्यंत. मधला रविवार सोडला तर १२ दिवस. रोजचे चार तास धरले तर ४८ तास. एका तासाची दोन पाने म्हटली तरी ९६ पाने झाली. माझ्या त्या "सगळ्या नोट्स"चा अर्थ एवढा होता! संध्याकाळच्या एस.टी.ने गावी परतणाऱ्या मुलीने घरचे काम आटोपून दिव्याखाली ९६ पानांचे फोटो काढत बसावे, अशी माझी अपेक्षा होती. माझा निरोप एका ओळीचा होता आणि काम मात्र सगळे तिच्याकडे.

मग मी स्वतःच चाळण लावली. अर्थशास्त्राचे सर पुस्तकाबरहुकूम शिकवतात, पुस्तक माझ्याजवळ होते. इतिहासाचे प्रकरण वाचनालयातल्या ग्रंथावरून काढता येण्याजोगे होते. कवितेचा संग्रह उशाशीच होता. एक भाषाविज्ञानच असे, की सर पुस्तक न उघडता बोलतात आणि उदाहरणे फळ्यावरच जन्मतात. त्याचे आठवड्याला तीन तास. म्हणजे मला खरी गरज होती ती ४८ तासांची नव्हे, सहा तासांची. ९६ पानांची नव्हे, बारा पानांची.

आता द्यायचे काय? आठवले की तिची एस.टी. बहुतेक रोज उशिरा पोचते. पहिला तास आठवड्यातून तीन दिवस कवितेचा असतो आणि त्याचा पहिला अर्धा तास तिला कधीच मिळत नाही. मी आजारी पडण्यापूर्वीच्या तीन आठवड्यांचे असे नऊ तास माझ्या वहीत पुरते उतरलेले होते. मी त्या अठरा पानांवर तारखा घातल्या, फोटो काढले आणि ते आधी पाठवले. पाठोपाठ निरोप लिहिला :

"अगं, तुझी गाडी उशिरा येते म्हणून कवितेच्या तासाची जूनपासूनची अठरा पाने पाठवली आहेत. तुला उपयोगी पडतील असे वाटले. मी ७ ते १९ जुलै टायफॉईडने घरी होते. त्यातल्या फक्त भाषाविज्ञानाच्या सहा तासांची टिपणे मला हवी आहेत. आमच्याकडे शेवटचे झाले ते ‘ध्वनींचे वर्गीकरण’. सोमवारी मी येते आहे. मधल्या सुट्टीत वही दिलीस तर तुझ्यासमोरच फोटो काढून लगेच परत करीन. वही तुला लागत असेल तर मोकळेपणाने सांग, मी दुसरीकडे विचारते."

पाच मिनिटांत उत्तर आले. ती शिष्ट नव्हती. एवढ्या सगळ्यातून सुरुवात कुठून करावी हेच तिला पहिल्या वेळी कळले नव्हते.

ही हकीकत सांगितल्यावर एक मित्र म्हणाला, "मैत्रीत कसला हिशेब? एका हाताने घ्यायचे, दुसऱ्याने द्यायचे, हा तर बाजार झाला." मला हे पटत नाही. शेजारणीकडून वाटीभर भाजी आली तर आपल्या घरात ती वाटी रिकामी परत जात नाही. त्याला कोणी बाजार म्हणत नाही. बाजारात आधी अट असते, "तू दे, मग मी देते." म्हणूनच मी पाने आधी पाठवली आणि नाही म्हणायची वाट तिच्यासाठी मोकळी ठेवली. उलट, हिशेब नको म्हणणारे बहुधा घेणाऱ्यांत असतात. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात कोणाची वही चार हातांतून फिरते, चहाचे डाग घेऊन परत येते आणि कधी येतच नाही, हे सुवाच्य अक्षराच्या मुलींना विचारावे.

देणे मात्र समोरच्याच्या उपयोगाचे हवे. "कँटीनमध्ये पार्टी देईन" किंवा "कधी काही लागले तर सांग" हे देणे नव्हे. पहिल्याने तिचा अभ्यास पुढे जात नाही आणि दुसऱ्यात मागण्याचे ओझे पुन्हा तिच्याच डोक्यावर राहते. तिचे काय बुडते आहे, हे वर्गात डोळे उघडे ठेवले तर दिसते.

इतके करूनही एक गोष्ट राहिली. तिच्या वहीत स्वच्छ अक्षरात लिहिले होते : "जग – जग. अर्थ वेगळा, म्हणून दोन स्वनिम." मी ती ओळ दहा वेळा वाचली. दोन्ही शब्द तर एकच! तिने काही चुकवले का? शेवटी मधल्या सुट्टीत तिला विचारले तेव्हा ती हसली आणि दोन्ही शब्द मोठ्याने म्हणाली. पहिले ‘जग’ म्हणजे दुनिया, त्यातला ज टाळूवरचा. दुसरे ‘जग’ म्हणजे जगणे या क्रियापदाची आज्ञा, त्यात जीभ दातांच्या मुळाशी जाते. अक्षर एक, पण ध्वनी दोन, आणि ध्वनी बदलला की अर्थ बदलतो. वहीत चूक काहीच नव्हती. फक्त जो आवाज वर्गात ऐकू आला होता तो कागदावर उतरत नव्हता.

तेव्हापासून मी पानांबरोबर दहा मिनिटेही मागते. आणि कळले की नाही हे पाहायला वही मिटून स्वतःचे एक उदाहरण शोधते. त्या दिवशी मला ‘चार’ सापडले, एक आकडा आणि दुसरे ‘गुरांना चार’ मधले. तिने मान हलवली, तेव्हा तो तास माझा झाला. उदाहरण सापडले नसते, तर टिपणे उतरवून घेऊनही तास बुडालेलाच राहिला असता, आणि मग सरांकडेच जावे लागले असते.

जाता जाता प्राध्यापकांना एक विनंती. तासाच्या सुरुवातीला फळ्याच्या कोपऱ्यात तारीख आणि त्या दिवसाचा मुद्दा लिहावा. अर्ध्या मिनिटाचे काम आहे. पण त्यामुळे प्रत्येकाच्या वहीत ती ओळ उतरेल आणि आजारातून उठलेल्याला "सगळ्या नोट्स" न मागता "स्वनिमाचे दोन तास" असे नेमके मागता येईल.

आमच्यापुरते सांगायचे तर पहिल्या तासाची वही आता माझ्याकडे असते. दुपारी ती तिच्या पिशवीतून गावी जाते आणि दुसऱ्या दिवशी परत येते. परवा ती परत आली तेव्हा समासात तिच्या अक्षरात एक प्रश्न होता. तो मला वर्गात सुचला नव्हता.