हिरवा ठिपका पुरेसा नाही

जिमला जाणारी मुलं हल्ली डब्याऐवजी प्रोटीन बार नेतात. पाकिटावर हिरवा ठिपका असतो, म्हणून आपणही निश्चिंत असतो. पण आपल्या देशाच्या नियमात मध शाकाहारीच धरला जातो. त्यामुळे मध घातलेल्या बारवरही हिरवा ठिपकाच येतो. म्हणून मागची घटकांची यादी वाचाच. मसालेदार प्रोटीन चिप्स असतील तर त्यात कांदा-लसणाची पूड आहे का, तेही बघा.

आता हिशोब करू. साठ ग्रॅमच्या बारमध्ये बहुतेक २० ग्रॅम प्रथिनं असतात. ५० ग्रॅम फुटाण्यांतून साधारण १० ग्रॅम मिळतात, मोठ्या पेलाभर (२५० मिली) दुधातून ८. म्हणजे जवळपास तेवढीच, आणि खर्च बारच्या निम्म्याहूनही कमी. दूध तापवलेलंच घ्यावं. आमच्या घरी द्विदलाचा नियम कच्च्या दूध-दह्याला लागू आहे. शिवाय 'साखर नाही' म्हणणाऱ्या कित्येक बारमध्ये माल्टिटॉल असतं. ते जास्त झालं की पोट फुगतं, जुलाबही होतात. बार खाल्ल्यावर नेहमी तसं होत असेल, तर यादीत हे नाव शोधा.

बार अगदीच निरुपयोगी नाही. सूर्यास्त जवळ आलाय, लोकल अडकलीय आणि चौविहार आहे, अशा वेळी यादी तपासलेला बार पर्समध्ये असलेला बरा. चावता न येणाऱ्या आजारी माणसाला डॉक्टरांनी सांगितलेलं तयार पेयही उपयोगी पडतं. रोजच्या चार वाजताच्या भुकेला मात्र फुटाण्यांचा डबाच भरावा.