मार्चअखेरचा रेनकोट आणि वहीतील त्याची किंमत

व्यापाऱ्यांच्या वह्या दिवाळीला बंद होत, तेव्हा पावसाळी मालाचा हिशोब सोपा असे. पाऊस नुकताच सरलेला, उरलेल्या छत्र्या पुढच्या आषाढापर्यंत पडून राहणार हे उघड असे. १९८९-९० या करआकारणी वर्षापासून आयकरासाठी ३१ मार्च हीच वर्षअखेर सक्तीची झाली. त्या दिवशी मागच्या पावसाळ्याचा माल जुना झालेला असतो, पण पुढचा पाऊस दोन-सव्वादोन महिन्यांवर आलेला असतो. म्हणूनच ‘पडून राहिला, म्हणून निम्म्या किमतीला धरला’ ही सवय चुकीची ठरते.

शिल्लक मालाचे मूल्य खरेदी किंमत आणि निव्वळ वसुली मूल्य यांपैकी जे कमी असेल ते धरावयाचे असते. निव्वळ वसुली मूल्य म्हणजे नेहमीच्या व्यवहारात माल ज्या किमतीला विकला जाईल, तीतून तो विक्रीयोग्य करण्याचा व विकण्याचा खर्च वजा जाता उरणारी रक्कम. ३१ मार्चला गिऱ्हाईक काय देईल, हा येथे प्रश्न नाही. जूनमध्ये तो माल काय आणील, याचा ३१ मार्चच्या माहितीवर बांधलेला अंदाज हवा.

दापोली तालुक्यातील बुरोंडी या समुद्रकाठच्या गावातील एक दुकान उदाहरणादाखल कल्पावे. खारी, दमट हवा छत्रीच्या काड्यांना गंज आणते, रेनकोटच्या घड्या एकमेकींना चिकटवते. मोजणीत तीन जिनसा निघाल्या. घडीच्या छत्र्या ४०, वाहतुकीसह खरेदी प्रत्येकी २१० रुपये. त्या सुस्थितीत आहेत. जूनमध्ये २६० रुपयांस जातील, पुसून नव्या पिशवीत घालण्यास १० रुपये लागतील. वसुली मूल्य २५०, खरेदीहून जास्त. म्हणून छत्र्या खरेदीच्याच किमतीस, ८,४०० रुपयांस राहतात. रेनकोट ३०, खरेदी ४५० प्रमाणे १३,५००. बुरशीचे डाग पडल्याने ३५० च्या वर कोणी देणार नाही आणि धुण्यास २५ रुपये लागतील. वसुली मूल्य ३२५, म्हणजे ९,७५०. मुलांचे गमबूट २४ जोड, खरेदी ३०० प्रमाणे ७,२००. तळवे कडक होऊन चिरले आहेत. १५० ला जोड गेला तरी पुष्कळ, म्हणजे ३,६००.

खरेदीने २९,१०० चा माल अशा रीतीने २१,७५० ला उतरतो. घट ७,३५० रुपयांची. छत्र्यांवर पुढे मिळणारे १,६०० रुपये या घटीतून वळते करून ती ५,७५० दाखविण्याचा मोह होतो. तसे करू नये. तुलना प्रत्येक जिनसाची वेगळी करावयाची असते. न झालेल्या विक्रीचा नफा आधी धरता येत नाही, संभाव्य तोटा मात्र धरता येतो. १९५३ साली चैनरूप संपतराम पेढीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व मांडले.

नोंद वही कशी ठेवली आहे त्यावर अवलंबून आहे. वर्षअखेरीस मोजणी करूनच शिल्लक काढणाऱ्या दुकानात घटीची स्वतंत्र नोंद लागत नाही. अखेरचा शिल्लक माल खाते नावे २१,७५०, व्यापारी खाते जमा २१,७५०. घट ढोबळ नफ्यात आपोआप उतरते. संगणकावर मालाची चालू खतावणी असेल, तर मालमूल्य घट खाते नावे ७,३५०, माल साठा खाते जमा ७,३५०. दोन्ही पद्धती एकाच वर्षी वापरल्या की तोटा दोनदा लागतो. ढोबळ नफ्याचे प्रमाण अकारण खाली आले की प्रथम हीच जागा तपासावी. पुढील वर्षाची आरंभीची शिल्लक २१,७५० हीच राहील, पण जिनसांच्या यादीत मूळ खरेदीदरही लिहून ठेवावा. माल पुन्हा उरला, तर त्याची गरज पडते.

अंदाज खरा की सोयीचा, हे सिद्ध करण्यास पावसाळी मालाचा व्यापारी सुदैवी आहे. मार्चचे हिशोब पुरे होईपर्यंत बहुधा जून उजाडतो आणि खरी बिले हाती येतात. डागाळलेले रेनकोट ४६० ला विकले गेले असतील, तर ३५० चा अंदाज टिकणार नाही. मात्र बिलांनी ३१ मार्चची स्थितीच उजेडात आणली पाहिजे. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळाने दापोली तालुक्यातील छपरे उडविली. त्या पावसात भिजून गेलेला माल ३१ मार्च २०२० ला धडधाकट होता; ते नुकसान पुढील वर्षाचे, आदल्या ताळेबंदात ते ओढता येत नाही.

किंमत उतरविलेला माल विक्रीसाठी दुकानातच असतो, म्हणून एवढ्याने त्यावर घेतलेली जीएसटीची वजावट परत करावी लागत नाही. गमबूट निरुपयोगी ठरवून वहीतून पूर्ण काढून टाकले, तर मात्र त्यांच्यापुरती वजावट उलटवावी लागते.