राजीनामा दिला म्हणजे नोकरी सुटली असं नाही

धुळ्याची 2024 सालची लोकसभा निवडणूक आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. माजी पोलीस अधिकारी अब्दुर रहमान यांना वंचित बहुजन आघाडीने उमेदवारी दिली होती. डिसेंबर 2019 मध्ये नागरिकत्व दुरुस्ती विधेयकाचा निषेध म्हणून त्यांनी कार्यालयात जाणं थांबवलं, ही बातमी तेव्हा देशभर गाजली. स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज त्यांनी त्याच्याही आधी केला होता, पण सरकारने तो मंजूर केला नव्हता आणि वाद कोर्टकचेरीत अडकला होता. साडेचार वर्षं उलटल्यावर छाननीच्या टेबलावर नेमकी हीच गोष्ट आडवी आली. कागदोपत्री ते अजून सरकारी सेवेत होते, त्यामुळे अर्ज बाद झाला.

या प्रकरणावर आपल्याकडे संताप पुष्कळ झाला, पण त्यातला धडा फार कमी जणांनी घेतला. सरकारी नोकराला निवडणुकीसाठी रजा मिळत नाही, त्याला नोकरीच सोडावी लागते. आणि नोकरी सुटते ती तुम्ही राजीनामा देता त्या दिवशी नाही, वरिष्ठ तो मंजूर करून तुम्हाला कार्यमुक्त करतात त्या दिवशी. लोकसभा-विधानसभेसाठी पात्रता पाहतात ती छाननीच्या दिवशीची. तोवर मंजुरीचा कागद हातात नसेल तर पक्षाचं तिकीट असूनही उपयोग नाही.

हे आमच्या माजिवड्याशी जोडून सांगतो. ठाणे महापालिकेची मागची निवडणूक जानेवारी 2026 मध्ये झाली. त्याआधीची 2017 ची, म्हणजे मधे जवळपास नऊ वर्षं गेली. या काळात मतदार झालेल्या मुलांपैकी कितीतरी जण घोडबंदर रोडवरच्या ऑफिसात, मॉलमध्ये, गोदामात नोकरीला लागले. त्यांच्यातल्या एखाद्याने उभं राहायचं ठरवलं तर काय होईल, ते याच वेळापत्रकावर मांडून पाहू.

कार्यक्रम जाहीर झाला 15 डिसेंबर 2025 रोजी. अर्ज 23 ते 30 डिसेंबर, छाननी 31 ला, माघार 2 जानेवारीपर्यंत, चिन्हवाटप 3 ला. प्रचार 13 जानेवारीच्या संध्याकाळी थांबला, मतदान 15 ला आणि मोजणी 16 ला. समजा आपला मुलगा खासगी कंपनीत आहे, आठवड्याला सहा दिवस काम करतो आणि 29 डिसेंबरला अर्ज भरतो. त्या दिवसापासून मोजणीपर्यंत एकोणीस दिवस होतात. त्यातून दोन रविवार आणि मतदानाची सुट्टी वजा केली तर कामाचे सोळा दिवस उरतात.

हे सोळा दिवस कुठून आणायचे? महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा, 2017 ज्या आस्थापनेला पूर्ण लागू आहे, तिथे कामगाराला वर्षाला आठ किरकोळ रजा मिळतात. त्या तिमाहीने जमा होतात आणि वर्षअखेरीस शिल्लक राहिल्या तर बुडतात. वर्षभरात 240 दिवस काम केलं असेल तर पुढच्या वर्षी दर वीस दिवसांमागे एक, म्हणजे बारा दिवस भरपगारी रजा मिळते. डिसेंबरचे तीन दिवस जुन्या वर्षाच्या उरलेल्या किरकोळ रजेतून निघतील. जानेवारीचे तेरा दिवस बारा हक्काच्या रजा आणि एक नवी किरकोळ रजा मिळून भरतील. हिशेब काठोकाठ जुळतो. पण त्यानंतर ईद असो, बहिणीचं लग्न असो की आजारपण, वर्षभर हक्काची रजा उरत नाही.

त्यात एक मोठा ‘पण’ आहे. कायदा रजा किती ते सांगतो. ती कधी घ्यायची याला मालकाची मंजुरी लागते. खासगी नोकराला निवडणूक लढवायला रजा दिलीच पाहिजे, असा कायदा महाराष्ट्रात नाही. मतदानाच्या दिवसाची भरपगारी सुट्टी आहे, पण ती मत देण्यासाठी, प्रचारासाठी नाही. मंजुरीशिवाय घरी बसलात तर अनेक कंपन्यांच्या स्थायी आदेशांत सलग दहा दिवसांहून जास्त विनापरवाना गैरहजेरी हे गैरवर्तन मानलं आहे. चिन्ह मिळाल्यापासून प्रचार संपेपर्यंतचे दिवसच अकरा होतात.

म्हणून काही जण सोपी वाट धरतात. डॉक्टरचा दाखला देऊन आजारपणाची रजा टाकतात आणि संध्याकाळी रॅलीतला फोटो स्वतःच स्टेटसला ठेवतात. इथे मालकाला तुमच्या राजकारणाबद्दल एक शब्दही बोलावा लागत नाही. खोटं सांगून रजा घेतली, एवढं कारण नोकरी घालवायला पुरतं.

महापालिकेच्या कामावर असणाऱ्यांनी तर दुप्पट सावध राहावं. महापालिकेची नोकरी किंवा तिच्या कंत्राटात हितसंबंध असेल तर नगरसेवकपदासाठी अपात्रता येते. सफाईचा छोटा ठेका भावाबरोबर भागीदारीत आहे, एवढ्यावरही हरकत येऊ शकते. अर्ज भरण्याआधी वकिलाला कागद दाखवा, नंतर नाही.

प्रचारापुरतं बोलायचं तर सरकारी नोकराला तोही बंद आहे. गाडीवर किंवा घरावर पक्षाचं चिन्ह लावणंसुद्धा वर्तणूक नियमांत बसत नाही. लोकसभा-विधानसभेला तो उमेदवाराचा मतदान प्रतिनिधी म्हणून बसला तर तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. खासगी नोकराला असं कायद्याचं बंधन नाही. त्याचा मालक कामाच्या वेळेत प्रचार नको, कंपनीचा गणवेश, गाडी, ग्राहकांचे नंबर वापरू नको, असं म्हणू शकतो आणि ते रास्तच आहे.

सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या कपड्यांत, राबोडीच्या गल्लीत कोणाचं पत्रक वाटायचं, हे मात्र मालकाने ठरवू नये. अडचण अशी की घटनेतलं अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य प्रामुख्याने सरकारविरुद्ध मागता येतं, खासगी शेठविरुद्ध ते थेट कामाला येत नाही. नेमणूकपत्रात ‘राजकीय काम करणार नाही’ अशी ओळ असेल तर ती सही करण्याआधी वाचा आणि तिचा अर्थ लेखी विचारून घ्या.

माझं म्हणणं एवढंच आहे. पगारी रजा मागणं मला पटत नाही. चार माणसांवर चालणाऱ्या दुकानाने ऐन हंगामात एकाला वीस दिवस पगार देऊन का सोडावं? पण मोठ्या आस्थापनांनी उमेदवाराला अर्ज भरल्यापासून मोजणीपर्यंत बिनपगारी रजा द्यावी आणि परत आल्यावर तीच जागा द्यावी, हा नियम राज्याने कायद्यात घालावा. निवडून आलाच तर सभांच्या दिवशी काय, तेही त्यातच लिहावं. आज हे सगळं साहेबांच्या मर्जीवर आहे. त्यामुळे उभे राहतात ते ठेकेदार, बिल्डर आणि दुकानमालक, ज्यांना कोणाकडे रजा मागावी लागत नाही. पाण्याच्या टँकरसाठी रांगेत उभं राहून मग ऑफिसची बस पकडणारा त्या यादीत दिसत नाही.

नियम येईपर्यंत पुढच्या वेळी कार्यक्रम जाहीर होण्याची वाट पाहू नका. दोन महिने आधी एचआरला ईमेल करा, कारण खरं लिहा, बिनपगारी रजेची तयारी दाखवा आणि उत्तर लेखी मागा. नकार आला तर निदान अर्ज भरण्याआधी तुम्हाला कळेल की हा निर्णय केवढ्याला पडणार आहे.