पैसे गेले, कर बाकी

प्राप्तिकर खात्याकडून गेल्या वर्षी कलम १४३(१)ची सूचना आली. बँकेचं व्याज विवरणपत्रात दाखवायचं राहून गेलं होतं. डिमांड ८,६४० रुपयांची, मुदत ३० दिवसांची. चूक माझीच, त्यामुळे वाद घालण्याचा प्रश्नच नव्हता. मात्र नेहमीच्या चालढकलीत २६वा दिवस उजाडला.

शनिवारी रात्री पोर्टलवर 'ई-पे टॅक्स'मध्ये गेलो, डिमांडचा क्रमांक निवडला, नेट बँकिंगने पैसे भरले. ओटीपी टाकल्यावर पडद्यावरचं चक्र फिरत राहिलं आणि पान कोरं झालं. तेवढ्यात मोबाइल वाजला: ८,६४० खात्यातून वजा. पोर्टलवर पाहिलं तर 'पेमेंट हिस्टरी' रिकामी!

सोमवारी बँकेत गेलो. काउंटरवरच्या बाईंनी पासबुकातली नोंद पाहिली आणि विचारलं, "काका, सीआयएन आहे का?" माझ्याकडे होता सीआरएन, म्हणजे पैसे भरण्याआधीच पोर्टल देतं तो क्रमांक. तो केवळ भरण्याचा इरादा सांगतो. सीआयएन मिळतो तो बँकेने 'पैसे मिळाले' असं पोर्टलला कळवल्यावर. त्यात शाखेचा सात अंकी बीएसआर कोड, तारीख आणि चलनाचा पाच अंकी क्रमांक असतो. माझ्या खात्यातून पैसे निघाले होते, पण बँकेचा निरोप पोर्टलपर्यंत पोचलाच नव्हता.

घरी येऊन डिमांडला उत्तर द्यायला बसलो. 'आधीच भरली आहे' हा पर्याय निवडताच फॉर्मने बीएसआर कोड आणि चलन क्रमांक मागितला. बँकेच्या एसएमएसमधला व्यवहार क्रमांक तिथे चालत नाही.

आता पुन्हा भरावं का? हिशेब मांडला. मुदत उलटली की महिन्याला एक टक्का व्याज, अपुरा महिनाही पूर्ण धरतात आणि शंभराच्या आतली रक्कम सोडून देतात. म्हणजे ८,६०० वर ८६ रुपये. उलट दुसऱ्यांदा भरले आणि पहिलंही चलन जमा झालं, तर जादा ८,६४० परत मिळवायला खेटे घालायचे. मी ८६ रुपयांची जोखीम पत्करली. बँकेत लेखी तक्रार दिली, तिला सीआरएन, व्यवहार क्रमांक आणि खातेउतारा जोडला.

आठव्या दिवशी पैसे खात्यात परत आले. त्याच दिवशी नवा सीआरएन काढून पुन्हा भरले. या वेळी चलनाची पावती उतरली, तिच्यावर सीआयएन होता. पण तारीख नव्या भरण्याची, म्हणजे मुदतीनंतरची. ते ८६ रुपये पुढे भरावेच लागले.

डिमांड भरायचीच असेल तर मुदतीच्या निदान दहा दिवस आधी भरा. आणि चलनावर सीआयएन दिसेपर्यंत कर भरला असं कुणाला सांगू नका, स्वतःलाही नाही.